ऑफर हातात आहे, पण वेळ आणि हायब्रिडचे दिवस लेटरमध्ये नाहीत. कसे मागावे?

नीरजा_व
नमस्कार मंडळी. ऑफर लेटर आले आहे, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचे आहे. म्हणजे हातात पाच दिवस. मुलाखतीत मॅनेजर म्हणाले होते, "आपल्याकडे हायब्रिडच आहे, वेळेचंही कुणी फार बघत नाही." लेटरमध्ये मात्र कामाची वेळ ९:३० ते ६:३०, कामाचे ठिकाण कार्यालय, आणि खाली एक ओळ: 'व्यवस्थापन आवश्यकतेनुसार वेळ व ठिकाणात बदल करू शकेल.' हायब्रिड हा शब्द कुठेच नाही.

मला ८ ते ५ हवे आहे, आणि ऑफिसात मंगळवार-गुरुवार असे दोन दिवस. टीम सध्या तीन दिवस येते एवढे कळले आहे. काम डेटा विश्लेषणाचे, महिनाअखेरीस रिपोर्टांची गडबड असते. पगारातही थोडी वाढ मागायची आहे.

प्रश्न तीन. आधी पगार बोलायचा की आधी वेळ? रिक्रूटरशी बोलायचे की मॅनेजरशी? आणि लेटर बदलून मागितले तर ऑफरच हातची जाईल का?

भटक्या_विमुक्त
सोपे आहे. पगार आहे तसा घ्या आणि त्या बदल्यात वेळ मागा. कंपनीला एका हाताने दिले की दुसऱ्या हाताने मिळते.

अनघा_एचआर
भटक्या, यातले निम्मे बरोबर आहे. देवाणघेवाण होते, पण पगार आणि वेळ या दोन गोष्टी एका खिशातून येत नाहीत. पगार ठरतो तो त्या पदाच्या बँडवरून आणि मंजूर बजेटवरून, आणि त्यावर फायनान्सची सही लागते. घरून कामाचे दिवस ठरतात ते कंपनीच्या धोरणावर आणि मॅनेजरच्या अखत्यारीवर. नीरजाताईंनी पगारवाढ सोडली म्हणून मॅनेजरला एक दिवस जास्त देण्याचा अधिकार मिळत नाही. उलट वेळ द्यायला त्याची हरकत नसेल, तर पगार फुकट सोडल्यासारखे होईल.

म्हणून आधी-नंतर करू नका, एकाच वेळी मांडा. सोमवारी पगार, बुधवारी वेळ, शुक्रवारी रुजू होण्याची तारीख असे तुकड्या-तुकड्याने मागितले की रिक्रूटरला प्रत्येक वेळी नव्याने मंजुरीसाठी जावे लागते. तिसऱ्या फेरीला वरून प्रश्न येतो, "या उमेदवाराला नक्की यायचे आहे ना?" ऑफरी बिघडतात त्या बहुधा इथे.

मॅनेजर की रिक्रूटर, याचे उत्तर दोघेही, पण ठरावीक क्रमाने. रिक्रूटरला फोन करून एवढेच म्हणा: "ऑफर आवडली आहे. वेळेबद्दल मॅनेजरशी पंधरा मिनिटे बोलायचे आहे, जोडून द्याल का?" मॅनेजर तोंडी हो म्हणाला की त्याच दिवशी रिक्रूटरला मेल, मॅनेजरला प्रत. रिक्रूटरला वगळून थेट मॅनेजरला गाठले तर रिक्रूटर दुखावतो, आणि लेटर दुरुस्त करणारा तोच असतो. सगळे रिक्रूटरवर सोपवले तर तो धोरणाची पीडीएफ पाठवून मोकळा होतो, कारण अपवाद करण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो.

प्रसन्न_दा
ऑफर जाईल का या प्रश्नावर: एकदा, नेमके आणि सभ्य शब्दांत विचारल्याने ऑफर क्वचितच जाते. "नाही" येते, आणि मग मूळ ऑफर समोर असतेच. फक्त मेलमध्ये "हे मिळाले नाही तर मी येणार नाही" असे लिहू नका, जोवर ते खरोखर तसे नसेल तोवर.

मेघना_ओक
थोडे अवांतर. मी नव्या नोकरीत नाही, चार वर्षे इथेच आहे. मला दोन दिवस घरून हवेत, तर हेच सगळे लागू होईल का?

अनघा_एचआर
मेघना, नाही. ऑफरच्या वेळी कंपनीला तुम्ही हव्या असता आणि लेटर अजून उघडे असते. चालू नोकरीत लेटर बंद झालेले असते, तिथे अर्ज, चाचणीचा काळ आणि कामाच्या नोंदी यांवर सगळे चालते. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहीन.

सुहास_जोगळेकर_नव्हे
मूळ प्रश्नाच्या आधीचा प्रश्न: ऑफर येईपर्यंत गप्प का बसायचे? पहिल्या फोनलाच सांगून टाकावे. उगाच चार फेऱ्या देऊन शेवटी नकार ऐकण्यात काय अर्थ?

देवदत्त_के
सुहास, ते मागणी कोणत्या जातीची आहे त्यावर ठरते. ज्याच्याशिवाय नोकरी करताच येणार नाही, ती अट. "संध्याकाळी पाचनंतर मी कोणत्याही परिस्थितीत उपलब्ध नसेन" ही अट आहे, ती पहिल्या फोनलाच सांगावी. नाहीतर दोघांचाही वेळ वाया जातो आणि शेवटी फसवल्याची भावना राहते. "दोनऐवजी तीन दिवस यावे लागले तर चालेल, पण दोन बरे" ही पसंती. ती ऑफरनंतर. पहिल्या फोनवर समोर शंभर अर्ज असतात, तिथे पसंतीसुद्धा वगळण्याचे कारण ठरते. ऑफर दिल्यावर त्यांनी एक माणूस निवडलेला असतो, त्याला गमावले तर शोध पुन्हा सुरू करावा लागतो.

नीरजाताई, मॅनेजरशी बोलायच्या आधी एक शोधून काढा: "हायब्रिडच आहे" म्हणजे त्या कंपनीत नेमके काय. लेखी धोरण असते, ते सगळ्यांना लागू. मॅनेजरची सूट असते, ती मॅनेजर असेतोवर. तिसरा प्रकार म्हणजे एका व्यक्तीसाठी मंजूर केलेला अपवाद, तो तिच्या फाइलमध्ये जातो. तुमची टीम तीन दिवस येते ते यांपैकी कशामुळे? धोरण तीन दिवसांचे असेल तर दोन दिवस हा अपवाद होतो आणि त्याला वरची सही लागते. धोरण "किमान दोन" असेल आणि मॅनेजरने तीन ठरवले असतील, तर तो एका वाक्यात हो म्हणू शकतो. रिक्रूटरला विचारा, "हायब्रिड धोरणाची प्रत मिळेल का?" ही अगदी साधी विनंती आहे.

नीरजा_व
धन्यवाद. धोरणाची प्रत मागितली, लगेच आली. त्यात लिहिले आहे: 'आठवड्यात किमान २ दिवस कार्यालयात उपस्थिती अपेक्षित, टीमप्रमुख अधिक ठरवू शकतील. प्रोबेशन काळात संपूर्ण उपस्थिती.' प्रोबेशन सहा महिने आहे. म्हणजे पहिले सहा महिने रोज?

देवदत्त_के
ही ओळ हाती लागली ते फार बरे झाले. बहुतेक जण धोरण वाचत नाहीत आणि रुजू झाल्यावर पहिल्या सोमवारी हे कळते.

मॅनेजरला आता दोन गोष्टी विचारायच्या. प्रोबेशनची ओळ या टीमला प्रत्यक्षात लागू करतात का, आणि टीमप्रमुख म्हणून तीनाचे दोन करता येतील का. सहा महिने पूर्ण उपस्थिती हवी यामागची त्यांची काळजी अशी असते की नवा माणूस कुणाला ओळखत नाही, प्रश्न कुणाला विचारायचा हे त्याला कळत नाही. ती काळजी खरी आहे, म्हणून तिच्यावर काहीतरी देऊ करा. "पहिले सहा आठवडे मी टीमबरोबर तीन दिवस येईन, त्यानंतर दोन" असे म्हटले की मॅनेजरला वरच्यांना सांगायला एक वाक्य मिळते. सहा महिन्यांचे सहा आठवडे होणे हा मोठा फायदा आहे.

रोहिणी_शिफ्ट
माझा प्रश्न याच विषयातला पण वेगळा. ग्राहकसेवेची ऑफर आहे, रोटेशनल शिफ्ट. सकाळ ६ ते २, दुपार २ ते १०, रात्र १० ते ६. मला कायम सकाळचीच हवी. असे मागता येते का?

विनायक_रोस्टर
रोहिणी, रोस्टर लावणे हेच माझे काम आहे, म्हणून त्या बाजूने सांगतो. "मला कायम सकाळ" हे ऐकले की रोस्टर लावणारा लगेच डोक्यात मोजतो: हिच्या वाटच्या रात्री आता कुणाच्या गळ्यात? आठ जणांच्या टीममध्ये रोज रात्री दोघे लागत असतील तर २८ दिवसांत ५६ रात्री होतात, म्हणजे माणशी ७. तुम्ही बाहेर पडलात तर त्या ५६ रात्री सात जणांत, माणशी ८. एकीसाठी बाकी सात जणांची प्रत्येकी एक रात्र वाढली. एवढे कदाचित चालेल. पण आधीच दोघांना सूट दिलेली असेल, तर तुमच्या नंतर पाच जणांवर ११ पेक्षा जास्त रात्री येतात आणि तिथे रोस्टर मोडते. म्हणून आधी विचारा, "कायम सकाळच्या जागा किती आहेत आणि त्यातली रिकामी आहे का?" अशी जागा असेल तर ती नावानिशी मागा.

नसेल तर 'कधीच नको' ऐवजी मर्यादा मागा. "२८ दिवसांत जास्तीत जास्त ४ रात्री, त्या सलग, आणि त्यानंतर दोन पूर्ण दिवस सुट्टी." मर्यादेला हो म्हणणे सोपे असते.

आणखी दोन गोष्टी लेटरमध्ये किंवा मेलमध्ये याव्यात. एक, रोस्टर किती दिवस आधी जाहीर होते. सात दिवस आधी मिळणारे रोस्टर आणि आदल्या संध्याकाळी मिळणारे रोस्टर या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. दोन, दोन शिफ्टमध्ये किमान अंतर किती. दुपारची १० ला संपून दुसऱ्या दिवशी ६ ला सकाळची लागली तर मध्ये आठच तास राहतात. जाणे-येणे, जेवण-आंघोळ वजा केले की झोप पाच तासांवर येते. युरोपीय संघाच्या २००३ च्या कामाच्या वेळेच्या निर्देशात २४ तासांत सलग ११ तास विश्रांती सांगितली आहे. तुमच्याकडे कायदा काहीही असो, ११ हा आकडा मागायला चांगला आहे. रोटेशन सकाळ, मग दुपार, मग रात्र असे पुढे सरकणारे आहे का, हेही विचारा. उलटे फिरणारे असेल तर हा आठ तासांचा प्रकार दर फेरीला येतो.

रोहिणी_शिफ्ट
हे कुणीच सांगितले नव्हते. रोटेशन उलटेच आहे!

अनघा_एचआर
रोहिणी, आणखी एक बघा. ऑफरमधल्या एकूण रकमेत रात्रपाळीचा भत्ता मिसळलेला आहे का? समजा एकूण १०० आहे आणि त्यातले १५ शिफ्ट भत्त्याचे. कायम सकाळ मिळाली की तुमचे १०० चे ८५ होतात आणि हे पहिल्या पगाराच्या वेळी कळते. मग भांडूनही उपयोग नसतो, कारण भत्ता त्या पाळीचा असतो. "भत्ता वगळून निश्चित पगार किती?" हे विचारा आणि त्या आकड्यावर बोला.

भटक्या_विमुक्त
माझा पगार-वेळेचा मुद्दा इथे तरी लागू पडला की!

अनघा_एचआर
इथे पडला, मान्य :)

शैलेश_म
मॅनेजरला पटवायला संशोधनच दाखवावे. २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा प्रयोग आला आहे. ट्रिप.कॉम या कंपनीत १,६१२ कर्मचारी, काहींना आठवड्यात दोन दिवस घरून. नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले आणि कामगिरीत फरक पडला नाही. आकडे समोर असताना कुणी नाही कसे म्हणेल?

प्रसन्न_दा
शैलेश, प्रयोग चांगला आहे, पण ऑफरच्या बोलण्यात तो मध्ये आणू नये. ते दोन दिवस घरून आणि तीन ऑफिसात असे होते, म्हणजे या टीमचे जे चालू आहे तेच. नीरजाताईंना तीन घरून हवेत, त्याबद्दल तो काही सांगत नाही. समोरच्याने हे वाचले असेल तर तुमचेच उदाहरण तुमच्यावर उलटेल.

त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट मात्र इथे कामाची आहे. मॅनेजर लोकांचा आधीचा अंदाज होता की उत्पादकता सरासरी २.६ टक्क्यांनी घटेल. प्रयोगानंतर त्यांचेच मत वाढीकडे, १ टक्क्यावर गेले. मत बदलले ते काम होताना पाहून. म्हणून मॅनेजरला निबंध देण्यापेक्षा "तीन महिन्यांनी बसून बघू, काय अडले आणि काय नाही" असा ठरलेला आढावा देऊ करा.

शैलेश_म
तीन-दोनचा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. बरोबर.

नीरजा_व
मेलचा मसुदा केला आहे. बघाल का?

"ऑफरबद्दल मनापासून आभार. घरच्या काही अडचणींमुळे शक्य असल्यास मला थोडी लवचीक वेळ आणि जास्तीत जास्त वर्क फ्रॉम होम मिळाले तर बरे होईल. कृपया विचार व्हावा."

देवदत्त_के
ताई, यात 'शक्य असल्यास', 'थोडी' आणि 'जास्तीत जास्त' आहे. याला कुणी "हो, नक्की" म्हणाले तरी नक्की काय मिळाले हे तुम्हालाही सांगता येणार नाही. सहा महिन्यांनी मॅनेजर प्रामाणिकपणे म्हणेल, "दिली होती की थोडी लवचीक वेळ." आणि घरच्या अडचणी काढून टाका. कारण दिले की ते कारण पुरेसे आहे का याची चर्चा सुरू होते. मुले मोठी झाली, आई बरी झाली, आता काय हरकत आहे, असे पुढे विचारले जाते. तुम्ही काय देणार आणि काय घेणार एवढेच लिहा. प्रकृतीच्या कारणाने सोय हवी असेल तर गोष्ट वेगळी, ती वेगळ्या मार्गाने आणि कागदपत्रांनिशी मागतात.

८ ते ५ ची आकडेमोड आधी करून घ्या. टीम ९:३० ते ६:३०. म्हणजे ९:३० ते ५ या साडेसात तासांत तुम्ही सगळ्यांबरोबर असाल. प्रश्न ५ ते ६:३० या दीड तासाचा. तिथे नेहमीची मीटिंग आहे का? रोज ५:३० ला आढावा असेल तर तुमची मागणी वरवर मान्य होईल आणि दुसऱ्या आठवड्यात मोडेल. मॅनेजरला थेट विचारा, "पाचनंतर ठरलेल्या मीटिंगा कोणत्या?"

नीरजा_व
विचारले. मॅनेजर छान बोलले. बुधवारी ५:३० ला एक आढावा आहे, बाकी काही नाही. आणि महिनाअखेरचे तीन दिवस सगळे उशिरापर्यंत थांबतात. दोन दिवसांना त्यांची हरकत नाही म्हणाले, "पण सुरुवातीला जरा दिसत राहा."

देवदत्त_के
उत्तम. आता सगळे नेमके लिहिता येते. असे काहीसे:

"ऑफरबद्दल आभार. मला रुजू व्हायचे आहे. आज मॅनेजरांशी झालेल्या बोलण्यानुसार पुढील गोष्टी लेटरच्या परिशिष्टात याव्यात ही विनंती.
कामाची वेळ : सोमवार ते शुक्रवार ८ ते ५. बुधवारी ९:३० ते ६:३०. महिन्याच्या शेवटच्या तीन कामाच्या दिवशी ६:३० पर्यंत उपलब्ध.
ऑफिस : पहिले सहा आठवडे टीमप्रमाणे तीन दिवस, त्यानंतर मंगळवार आणि गुरुवार. प्रोबेशन काळातही हेच लागू.
बदल : यात बदल करायचा झाल्यास किमान ३० दिवस आधी लेखी सूचना.
तीन महिन्यांनी मॅनेजरांबरोबर या व्यवस्थेचा आढावा.
निश्चित पगाराबाबतची माझी अपेक्षा सोबत जोडली आहे. या दोन्ही गोष्टी ठरल्या की मी शुक्रवारपर्यंत सही करून पाठवते."

शेवटचे वाक्य ठेवाच. रिक्रूटरला ते वर दाखवता येते: एवढे केले की उमेदवार येते.

कल्पक
'व्यवस्थापन बदल करू शकेल' ही ओळच काढून टाका म्हणावे. ती असताना बाकीच्याला काय किंमत?

अनघा_एचआर
ती ओळ सगळ्यांच्या लेटरमध्ये असते आणि एका माणसासाठी निघत नाही. ती काढण्यात शक्ती घालवली तर दोन दिवस जातात आणि हाती काही येत नाही. म्हणूनच ३० दिवसांची सूचना मागायची. बदल होणारच असेल तर निदान पुढच्या सोमवारपासून होणार नाही.

त्यापेक्षा धोक्याची ओळ लेटरच्या शेवटी असते: 'हे पत्र म्हणजे उभयतांमधील संपूर्ण करार असून यापूर्वीचे सर्व तोंडी व लेखी बोलणे रद्द समजावे.' नीरजाताई, ती आहे का बघा. असेल तर सहीच्या आधी मॅनेजरने पाठवलेला "हो, दोन दिवस चालतील" हा मेल त्या सहीबरोबर रद्द होतो. लोक तो मेल जपून ठेवतात आणि तो सहीच्या आधीचा असतो! म्हणून परिशिष्ट हवे. ते नाहीच मिळाले, तर निदान लेटरच्या तारखेनंतरचा मेल, आणि तोही लेटरवर सही करणाऱ्या विभागाकडून.

कल्पक
मेल हा मेल असतो, तारीख कुठलीही असो. वाद झालाच तर दाखवता येतो.

अनघा_एचआर
दाखवता येतो, पण टिकेल की नाही हे तिथल्या कायद्यावर आणि लेटरच्या शब्दांवर ठरेल. त्या भरवशावर सही करू नये, एवढेच माझे म्हणणे.

कल्पक
यावर आपले एकमत होणार नाही. तरी मुद्दा नोंदवला.

विनायक_रोस्टर
कागद झाला तरी एक जागा राहते, ती म्हणजे हजेरीची यंत्रणा. रुजू होताना प्रत्येकाला त्यात एक शिफ्ट कोड लावतात आणि तो आपोआप जनरल असतो, इथे ९:३० ते ६:३०. नीरजाताई ८ ला येऊन ५ ला पंच करून निघाल्या की यंत्रणेच्या हिशेबाने त्या दीड तास लवकर गेल्या. ८ ते ९:३० चा वेळ काही ठिकाणी मोजलाच जात नाही. महिन्यात तीन-चारदा असे झाले की अर्धी रजा कापली जाते, मग मॅनेजरने प्रत्येक दिवस हाताने दुरुस्त करायचा. दोन महिन्यांनी तो कंटाळतो आणि म्हणतो, "जाऊ दे, जनरललाच या."

उपाय सोपा आहे. पहिल्याच दिवशी एचआरला विचारा, "माझा शिफ्ट कोड कोणता लावला आहे?" ८ ते ५ चा कोड अस्तित्वात नसेल तर तो तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून रुजू होण्याच्या आधीच मागून ठेवा. बुधवार वेगळा आहे, त्याला वेगळा कोड लागेल. घरून कामाचे दिवसही यंत्रणेत आधी टाकावे लागतात का तेही विचारा, नाहीतर ते गैरहजर दिसतात.

मेघना_ओक
बाप रे. म्हणजे चार वर्षे माझी अर्धी रजा कापतात ती यामुळे? मी सात ते चार येते.

विनायक_रोस्टर
मेघनाताई, हजेरीच्या पानावर तुमच्या नावासमोर कोड बघा. उत्तर बहुतेक तिथेच असेल.

सुहास_जोगळेकर_नव्हे
आणखी एक. 'आठवड्यात दोन दिवस' कसे मोजणार? मंगळवारी सुट्टी आली तर बुधवारी यायचे का? आठवडाभर रजा घेतली तर पुढच्या आठवड्यात चार दिवस भरून काढायचे का?

देवदत्त_के
चांगला मुद्दा. काही ठिकाणी आठवड्यावर मोजतात, काही ठिकाणी महिन्याची किंवा तिमाहीची सरासरी काढतात. तिमाहीत १३ आठवडे, म्हणजे दोन दिवसांप्रमाणे २६. तीन आठवडे रजा असेल आणि रजेचे आठवडे वगळत नसतील, तर उरलेल्या दहा आठवड्यांत २६ दिवस भरावे लागतात, म्हणजे आठवड्याला अडीचहून जास्त. वगळत असतील तर २० पुरतात. सहा दिवसांचा फरक, आणि दिवस कमी पडले तर वर्षअखेरच्या मूल्यमापनात ते दिसते. एक वाक्य घाला: "रजा व सार्वजनिक सुट्टीचे दिवस उपस्थितीच्या गणनेत भरून काढावे लागणार नाहीत."

नीरजा_व
उत्तर आले. ८ ते ५ मान्य, बुधवारची अदलाबदल मान्य. पगारात मागितल्याच्या निम्मी वाढ. दिवसांबद्दल: पहिले तीन महिने तीन दिवस, नंतर दोन. पण परिशिष्ट देणार नाहीत, "आमच्या लेटरचा साचा बदलत नाही, एचआर मेल पाठवेल." संपूर्ण कराराची ती ओळ लेटरमध्ये आहे, मी बघितली. ३० दिवसांच्या सूचनेबद्दल काहीच लिहिले नाही.

प्रसन्न_दा
सहा आठवड्यांचे तीन महिने झाले, ते सोडून द्या. ३० दिवसांबद्दल गप्प आहेत म्हणजे नाही म्हणालेले नाहीत. मी असतो तर घेतली असती.

कल्पक
मीही. मेल पुरेसा आहे.

अनघा_एचआर
माझे मत वेगळे. साचा बदलत नाही हे मी समजू शकते, ते बऱ्याच ठिकाणी खरे असते. पण मग क्रम बदलून मागा. लेटरवर सही झाल्यावर, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, एचआरच्या अधिकृत पत्त्यावरून मेल यावा, त्यात "सही झालेल्या पत्रासोबत वाचावे" असे शब्द असावेत आणि ३० दिवसांची ओळ असावी. तो मेल कोण पाठवेल आणि केव्हा, हे सहीच्या आधी फोनवर पक्के करा. सहीनंतर तुमच्या हातात फारसे काही नसते, हा यातला कच्चा दुवा आहे आणि तो मला पूर्ण बुजवता येत नाही.

देवदत्त_के
एक मधला मार्ग. साचा बदलत नाहीत, पण साच्यात 'विशेष अटी' किंवा 'शेरा' असा रकाना असतो का बघा. बऱ्याच लेटरांत पगाराच्या तक्त्याखाली तो रिकामा सोडलेला असतो. जॉइनिंग बोनसच्या अटी त्यातच लिहितात. त्यात "कामाची वेळ व उपस्थिती अमुक तारखेच्या मेलनुसार" एवढी एक ओळ आली तरी तो मेल कराराचा भाग होतो, मग तो सहीच्या आधीचा असला तरी चालेल.

नीरजा_व
रकाना आहे! 'अन्य शेरे' नावाने, आणि त्यात फक्त एक आडवी रेघ आहे. उद्या सकाळी रिक्रूटरला फोन करून हेच विचारते. सोबत ३० दिवस, आणि सुट्ट्या भरून काढण्याबद्दलचे ते वाक्य. विनायकदादा, ८ ते ५ चा कोड त्यांच्याकडे आहे का हेही त्याच फोनमध्ये विचारू, की ते रुजू होण्याच्या आठवड्यात?

विनायक_रोस्टर
त्याच फोनमध्ये. आणि बुधवारचा वेगळा, तो विसरू नका.

रोहिणी_शिफ्ट
माझ्याकडून: कायम सकाळची रिकामी जागा नाही म्हणाले. २८ दिवसांत ४ रात्री आणि ११ तासांचे अंतर मागितले आहे, रोस्टर सात दिवस आधी. भत्ता वगळून पगार विचारला तर तो ऑफरच्या ८८ टक्के निघाला. उत्तराची वाट बघते आहे.

विनायक_रोस्टर
उलट्या रोटेशनमध्ये ११ तासांचे अंतर बसत नाही, दर फेरीला मध्ये एक दिवस सुट्टी टाकावी लागेल. ते आधीच सुचवा, नाहीतर रोस्टरवाला "जमत नाही" म्हणून कागद परत पाठवेल. त्यांच्या रोस्टरचा एक महिन्याचा नमुना मिळाला तर नावे झाकून इथे टाका, कुठे बसते ते बघू.

रोहिणी_शिफ्ट
मागते.